एंडोमेंटमध्ये खरंच ८ टक्के पडतात का? की टर्म + आरडी? (मदत हवी आहे)

मुलुंडकर३२: मंडळी जरा घाई आहे. सासऱ्यांच्या ओळखीच्या एजंट काकांकडून एंडोमेंट घेतलीय, कागद मागच्या आठवड्यात ईमेलवर आले म्हणजे फ्री-लुकचे ३० दिवस चालू झालेत. विमा १० लाख, मुदत २० वर्षं, हप्ता वर्षाला ५१,०००. बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये दोन कॉलम आहेत, ४ टक्केवाल्यात शेवटी १२.५ लाख आणि ८ टक्केवाल्यात १९ लाख. काका म्हणतात ८ धरून चल, वर टॅक्स नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो १ कोटीची टर्म घे, मला कोटेशन ९,५०० चं आलंय, उरलेले ४१,५०० आरडीत टाक, बँक ६.५ देतेय. मी नव्या रिजीममध्ये २० टक्के स्लॅबला. नेमका फरक किती पडतो?

सरळहिशोब: यात काय एवढं. भरणार १०.२० लाख, मिळणार १९, नफा ८.८० म्हणजे ८६ टक्के, भागिले २० वर्षं, ४.३ टक्के. सेव्हिंगपेक्षा जरा बरं, रद्द करून टाक.

आकडेमोड: नाही हो, असं भागायचं नसतं. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो पण शेवटचा एकच वर्ष, तुम्ही सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरल्यासारखे धरलेत. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(20,-51000,0,1900000,1)
```

उत्तर ५.६ टक्के. १९ लाखांच्या जागी १२.५ लाख टाकलं तर २ च्या पण खाली येतं. आता ते ८ आले कुठून? कंपनीच्या फंडाने ८ टक्के कमावले असं गृहीत धरून तो कॉलम काढतात, आणि त्यातून कमिशन, खर्च, विम्याची किंमत वजा होऊन मग तुमच्या हातात काय ते येतं. तो तुमच्या हप्त्यावरचा दर नाहीच, आणि दोन्ही आकडे गृहीतच आहेत, प्रत्यक्ष बोनस दरवर्षी जाहीर होईल तो. शिवाय साधा बोनस विमा रकमेवर मोजतात, म्हणजे हजारी ४५ जाहीर झाला तर पहिल्या वर्षीचे ४५,००० विसाव्या वर्षीही ४५,०००च, त्यावर व्याज चढत नाही.

परळची_सून: माझी मनीबॅक आहे, ६ वर्षं भरली, सरेंडर केली तर किती मिळतील कोणी सांगेल का??

आकडेमोड: ताई, ब्रँचकडून सरेंडर कोट लेखी मागा, इथे अंदाजाने सांगणं बरोबर नाही. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

मुलुंडकर३२: म्हणजे ५.६ विरुद्ध ६.५, आरडीच जिंकली ना?

आकडेमोड: थांबा, इथेच सगळे फसतात. आरडीचं व्याज तुमच्या स्लॅबने करपात्र, सेस धरून २०.८ टक्के गेले की हातात ५.१५ च्या आसपास. दर महिन्याला ४१,५०० चा बारावा हिस्सा टाकत गेलात तर २० वर्षांनी साधारण सव्वाचौदा-साडेचौदा लाख. पॉलिसीचे पैसे मात्र हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांत असल्याने आजच्या नियमाने करमुक्त. म्हणजे निव्वळ पैशात ८ टक्केवाला कॉलम खरा ठरला तर एजंट काका जिंकले, पटो न पटो. पण मध्ये काही झालं तर घरच्यांना पॉलिसीतून १० लाख आणि तोवर जमलेला बोनस, टर्ममधून १ कोटी आणि आरडीतली शिल्लक. तुलना त्या दोन्हींची एकत्र करायची.

सरळहिशोब: मग आरडीच्या जागी पीपीएफ घ्या ना, ७.१ आहे आणि टॅक्स नाही.

आकडेमोड: हे मात्र बरोबर. ४१,५०० दरवर्षी ५ एप्रिलच्या आत भरले आणि दर २० वर्षं तोच राहिला तर १८.४ लाखांच्या आसपास, म्हणजे पॉलिसीच्या जवळपास आणि वर कव्हर दहापट. अडचण एवढीच की दर सरकार तिमाहीला ठरवतं, आणि १५ वर्षांनी खातं ५ वर्षांसाठी वाढवावं लागेल.

परळची_सून: आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हा टर्मवाल्यांनी हप्ता वाढवून सांगितला होता, ते पण बघा बरं का.

आकडेमोड: ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मुलुंडकर, आधी टर्मचा प्रपोजल भरा, मेडिकल होऊन पॉलिसी हातात येऊ द्या, मगच फ्री-लुकचं पत्र द्या. मध्ये महिना उलटतो म्हणून उद्याच भरा. पत्र दिलंत की त्या दिवसांच्या विम्याची किंमत, मेडिकल आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी परत येतात.

मुलुंडकर३२: माझ्या बाबांना पण शुगर आहे, ते फॉर्ममध्ये लिहावं लागतं का? आणि सासऱ्यांना कोण सांगणार 😅 रविवारी जेवायला तिकडेच जायचंय.

सरळहिशोब: लिहायलाच हवं, विचारलेलं असतं. सासऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा.