कागदावर गेन १६१, ब्रेडबोर्डवर ९०: हायब्रिड मॉडेल सिलॅबसमधून काढा!

मागचा_बाक: बीसी ५४७ बी ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, १२ व्होल्ट सप्लाय. बेसला वर ४७ के, खाली १० के. कलेक्टरला २.२ के, एमिटरला ६८० ओहम आणि त्यावर १०० मायक्रोफॅरड. करंट २ मिलिअँप. हायब्रिड मॉडेलने गेन १६१ येतो. आउटपुटला ४.७ के लावून १ किलोहर्ट्झला १० मिलिव्होल्ट दिले, स्कोपवर ०.९ व्होल्ट. म्हणजे ९०! जवळपास निम्मा खोटा. परीक्षेपुरतं पाठ करायचं हे मॉडेल कशाला शिकवतात?

निवृत्त_मास्तर: बत्तीस वर्षं हीच तक्रार ऐकली, तरी दर वेळी तिडीक जाते. मॉडेल खोटं नाही, तू त्याला भलताच प्रश्न विचारलास. १६१ कुठून कुठपर्यंतचा गेन? बेसपासून कलेक्टरपर्यंत, लोड न लावता:

```
Av = -hfe*RC/hie = -330*2.2k/4.5k = -161
```

तू मोजलंस जनरेटरपासून लोडपर्यंत. मधल्या दोन चोऱ्या कोण धरणार?

पहिली इनपुटला. एचआयई ४.५ के, त्याला समांतर ४७ के आणि १० के. एकूण इनपुट रेझिस्टन्स २.९ के. कॉलेजांतले जुने जनरेटर बहुतेक ६०० ओहमचे. म्हणजे तुझ्या १० मिलिव्होल्टपैकी बेसवर ८.३ च पोचले. दुसरी आउटपुटला. आउटपुट रेझिस्टन्स साधारण २.२ के, त्यावर तुझा ४.७ के लटकला की कलेक्टरला दिसतो १.५ के, आणि १६१ चा होतो ११०. आता ११० ला ०.८३ ने गुण.

९१ येतात. तुझे ९०. मग कोण खोटं?

भोसरीकर: मास्तर, उत्तर बरोबर, पण एवढं ओझं कशाला? मी एकवीस वर्षं सेन्सरचे बोर्ड करतोय, एचआयई कधी उघडून पाहिलेलं नाही. २ मिलिअँपला २५ मिलिव्होल्टने भागा, ०.०८ आलं. गुणिले २.२ के, १७६. चहा संपायच्या आत. तुमचे चार एच पॅरामीटर म्युझियममध्ये ठेवा.

कपॅसिटर_काका: तुम्ही सगळे भलतीकडे निघालात. एमिटरचा कपॅसिटर तपासा! गेन पडला की नव्वद टक्के वेळा तोच असतो. मी १० मायक्रो घातला होता, १ किलोहर्ट्झला गेन ६५ च्या वर हलेना. १०० चा घातला, लगेच चढला.

निवृत्त_मास्तर: काका, तुमच्या सर्किटचं निदान अगदी बरोबर. त्या कपॅसिटरला ६८० ओहम दिसतच नाहीत, एमिटरमधून आत बघितलं की दिसतात जेमतेम १५ ओहम. १० मायक्रोशी त्याची कट-ऑफ बरोब्बर १ किलोहर्ट्झच्या आसपास बसते, म्हणून ९१ चे ६५ झाले. पण या मुलाने १०० मायक्रोच लिहिलाय. वाचत जा हो.

कपॅसिटर_काका: वाचलं होतं. तो उलटा लावलेला नसेल कशावरून?

जर्नल_ग्रस्त: मला तर ५८० आला होता! मल्टिमीटरवर एचएफई २९०, एचआयई पुस्तकातून ११०० ओहम. व्हायवाला एक्स्टर्नल म्हणाले, "असा ट्रान्झिस्टर मलाही हवाय, कुठे मिळाला?" अख्खी बॅच हसली. आमच्या लॅबमध्ये आठ जणांत एक स्कोप, त्याचाही एक चॅनेल मेलेला. सर म्हणायचे, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग घ्या. आणि गुण कापायचे ते आमचे!

तपकीर_गल्ली_फेरी: रीडिंगचं सोड, ट्रान्झिस्टर तरी खरा होता का? परवा शंभर नग आणले, वर छापलंय ५४७ बी, निम्म्यांचा एचएफई १५० च्या खाली. बी गटाचा २०० च्या खाली यायलाच नको. दुकानदार म्हणतो, "साहेब, पावसाळ्यात असंच होतं."

भोसरीकर: 😂 पावसाळ्यात! पण हेच तर म्हणतोय. एचएफई नगागणिक बदलतो, मग त्यावर गेन काढायचाच कशाला?

निवृत्त_मास्तर: भोसरीकर, इथे तुम्ही अर्धं बोललात. एचएफई बदलला की एचआयईही त्याच प्रमाणात बदलतो. ५४७ बी च्या डेटाशीटमध्ये २ मिलिअँपला एचआयई ३.२ पासून ८.५ के पर्यंत दिलाय, नेहमीचा ४.५. भागाकार करंट ठरवतो, म्हणून बेसपासूनचा गेन फारसा हलत नाही. तिथे तुमचे २५ मिलिव्होल्ट चालतात, कबूल. पण इनपुट रेझिस्टन्स कशाने काढणार? ३.२ के असला तर २.३ के, ८.५ असला तर ४.२ के. तिथे एचएफई शिवाय तुमचंही पान हलत नाही. आणि जर्नलग्रस्त, तुझे ११०० ओहम हे पुस्तकातल्या एचएफई ५० वाल्या ट्रान्झिस्टरचे. एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड. एक्स्टर्नल हसणारच.

भोसरीकर: इनपुटला ६०० ओहमसमोर २.३ असो नाहीतर ४.२, बेसवर ०.७९ किंवा ०.८७ पोचतं. माझ्या बोर्डवरचे रेझिस्टरच पाच टक्क्यांचे आहेत. खडूने शिकवणाऱ्यांना हा फरक मोठा वाटतो, इतकंच.

निवृत्त_मास्तर: खडूवर जाऊ नका. ज्या मायक्रोफोनचा रेझिस्टन्स १० के आहे, तो लावून बघा या सर्किटला. मग समजेल फरक कुणाला वाटतो ते.

भोसरीकर: १० के ला मी हे सर्किट लावणारच नाही. पण बरं, तो मुद्दा तुमचा.

मागचा_बाक: आज पुन्हा बसलो. कपॅसिटर काका, सरळच लावला आहे. प्रोब थेट बेसवर धरला, १० ऐवजी ८.३ मिलिव्होल्ट. (सरासरी मोडवर ठेवलं, नाहीतर नुसता गवताळ पट्टा दिसतो.) ४.७ के काढला, आउटपुट १.३० व्होल्ट. लावला, ०.९०. यावरून आउटपुट रेझिस्टन्स ४.७ गुणिले (१.३० भागिले ०.९०, वजा १), म्हणजे २.०९ के. २.२ का नाही?

निवृत्त_मास्तर: वा! एचओई विसरलास म्हणून. ३० मायक्रोसीमेन्स म्हणजे ३३ के, तो २.२ के ला समांतर. २.०६ के. म्युझियममधला पॅरामीटर भोसरीत दिसला म्हणायचा.

भोसरीकर: अहो, स्कोपच्या चौकटी मोजून दोन आकडे काढलेत. १.३० चे १.३२ झाले तर २.१९ के येतो. एवढ्यावर एचओई सिद्ध होत असेल तर पावसाळ्याचं कारणही सिद्ध झालं. शिवाय एचओई धरायचा तर एचआरईही धरा, ते दोघं एकमेकांना कापतात. नुसता एचओई धरून गेन १५१ येतो, दोन्ही धरून १५६. दोन्ही सोडून १६१. मग सोडून दिलेलंच काय वाईट?

निवृत्त_मास्तर: एचआरई तुम्हाला माहीत आहे तर. एचआयई कधी उघडून न पाहणाऱ्या माणसाला.

भोसरीकर: परीक्षा मीही दिलीय, मास्तर. खडूवाल्यांचीच.

मागचा_बाक: ठीक आहे, मॉडेल राहू दे सिलॅबसमध्ये. पण मग प्रश्नात सोर्स रेझिस्टन्स द्या की! आमच्या प्रॅक्टिकल शीटवर जनरेटर नुसता गोल काढलाय, ६०० ओहमचा उल्लेखच नाही.

जर्नल_ग्रस्त: तुमच्याकडे प्रत्येकाला प्रोब मिळतो का? कुठलं कॉलेज?

तपकीर_गल्ली_फेरी: ते राहू दे, खरे ५४७ बी कुणाकडे मिळतात ते सांगा. मला अजून पन्नास लागणार आहेत.