मदत हवी आहे: स्वप्नात पाय उचलत नाहीत, ओरडताही येत नाही

गेले दोन महिने पहाटे एकच स्वप्न पडतंय. मागे कुणीतरी लागलेलं असतं आणि मी पळत असते, पण पाय चिखलात रुतल्यासारखे जड. जीव खाऊन ओरडते, आवाज फुटत नाही. नवरा सांगतो की मी फक्त "अं... अं..." असं कण्हत होते. त्या आवाजानेच मला जाग येते.

वाचून एवढं समजलं की ठळक स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू पळण्याचा हुकूम सोडतो, पण मेंदूच्या देठातून तो मज्जारज्जूपाशीच अडवला जातो. हातपाय लुळे राहतात. डोळे हलतात, श्वासपटल चालू राहतं. १९६०च्या दशकात फ्रेंच झोप-संशोधक मिशेल जूवे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा अडथळा काढला, तेव्हा ती झोपेतच उठून झडप घालू लागली. रेम पहाटेकडे लांबत जाते, म्हणून वेळही जुळते.

माझा प्रश्न पुढचा आहे. पाय हललेच नाहीत, तर त्यांच्याकडून मेंदूला उलट खबरही जात नाही. जडपणा त्यातूनच वाटतो का? मग स्वप्नात उडताना तो का जाणवत नाही? आणि ते कण्हणं म्हणजे जाग येता येता अडथळा सैल झाल्याची खूण, की रेममध्येच तो अपुरा पडतोय? दुसरं असेल तर मला काळजी वाटते, कारण त्यात माणसं खरोखर लाथा मारतात. मी अजून तरी मारलेली नाही.

झोपेच्या तपासणीत हा फरक कसा ओळखतात, कुणी सांगेल का?