मदत हवी आहे: पीएस५ ते प्रोजेक्टर, १० मीटर केबलवर ४के लुकलुकतं

हॉलमधला थिएटरवाला
पीएस५ टीव्हीच्या कपाटात, प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर. मधे साधी १० मीटरची तांब्याची एचडीएमआय केबल सध्या जमिनीवरून टाकलीय. १०८०पी एकदम स्वच्छ. ४के एचडीआर लावलं की काळ्या भागात पांढरे ठिपके चमकतात, अधूनमधून दोन सेकंद पडदा काळा. भिंतीत पाऊण इंची पाइप आहे, दोन एल्बोंसकट. आत चिप असलेली अ‍ॅक्टिव्ह तांब्याची केबल घेऊ की काचेच्या तंतूची फायबर?

गॅजेटकाका
८के लिहिलेली केबल घ्या, प्रश्न मिटला.

वायरमन_नाशिक
काका, ८के लिहिलं म्हणून तांबं दहा मीटर पोचत नाही. आधी खात्री करा. पीएस५ च्या व्हिडिओ आउटपुटमध्ये ४के ट्रान्सफर रेट -2 करा. रंगाची माहिती कमी होते, त्यामुळे ६० फ्रेमचं एचडीआरही बऱ्याच कमी वेगात जातं. ठिपके गेले तर दोष बहुधा केबलचाच.

हॉलमधला थिएटरवाला
केलं. अर्धा तास खेळलो, एकही ठिपका नाही!

वायरमन_नाशिक
मग १८ जीबीपीएस वेगाची फायबर घ्या. तुमचा प्रोजेक्टर ४के ६० च्या पुढे जात नसेल तर ४८ जीबीपीएसवाल्या केबलला पैसे घालू नका. अ‍ॅक्टिव्ह तांब्याचीही चालेल, पण जाड असते आणि एल्बोत त्रास देते.

सोलापुरी गेमर
माझ्या फायबरवर चित्रच आलं नाही. दुकानदाराशी भांडलो. शेवटी घरी पाहिलं तर उलटी लावली होती! एका टोकाला सोर्स, दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं.

वायरमन_नाशिक
हो, अ‍ॅक्टिव्ह तांब्याचीही बहुतेक तशीच एकदिशा असते. आत चिप असते, तिला कन्सोलच्या पोर्टमधून ५ व्होल्ट मिळतात. म्हणून पाइपमध्ये घालायच्या आधी जमिनीवर टाकून तासभर ४के चालवा. ओढताना दोरी केबलच्या अंगाला बांधा, प्लगला नाही. कोपऱ्यात काटकोनात मोडली तर आतली काच तुटते आणि ती जोडता येत नाही.

गॅजेटकाका
फायबरने लॅग वाढेल ना?

वायरमन_नाशिक
नाही. दहा मीटरला लागणारा वेळ फ्रेमच्या मानाने नगण्य. लॅग प्रोजेक्टरचा असतो, गेम मोड लावा.

हॉलमधला थिएटरवाला
पण प्लगचं डोकं एल्बोतून जाईल का? मोजलं, रुंदी २० मिमी.

वायरमन_नाशिक
पाऊण इंचीत अवघड आहे. डोकं सुटं निघणारी फायबर मिळते, टोकाला लहान मायक्रो प्लग असतो. तरी एल्बो लांब वळणाचा आहे की आखूड, ते बघा. आखूड असेल तर भिंतीवरून पट्टी मारून नेलेली बरी.

हॉलमधला थिएटरवाला
एल्बो प्लास्टरखाली आहे. आज जाड दोरी आत घालून बघतो, अडकली तर कळवतो.