मदत हवी आहे : साडेचार तासांच्या मॅरेथॉनला एनर्जी जेल किती न्यायचे?

जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन आहे. अंदाज साडेचार तासांचा, म्हणजे 270 मिनिटं. दर 30 मिनिटांनी 25 ग्रॅम कर्बोदकांचं एक जेल, म्हणजे तासाला 50 ग्रॅम, असं ठरवलंय. 270 भागिले 30 म्हणजे 9, पण नववं जेल बरोबर फिनिश लाइनवर येतं, त्याचा उपयोग नाही. म्हणजे आठच लागतात. मात्र परतीच्या पेडर रोडच्या चढानंतर चालावं लागलं आणि 290 मिनिटं झाली, तर ते नववं 270ला खरंच लागेल. म्हणून न्यायचे नऊच.

अडचण अशी की माझ्या पट्ट्यात सहाच मावतात. सातवं कोंबलं की पट्टा कमरेवर उड्या मारतो.

म्हणून पहिल्या तीन जेलांऐवजी 500 मिलीच्या मऊ बाटलीत 75 ग्रॅम कार्ब पावडर कालवून 30, 60 आणि 90व्या मिनिटाला एकेक तृतीयांश प्यायचा विचार आहे. साधारण चौदाव्या किलोमीटरला बाटली रिकामी होईल, मग 120पासून पट्ट्यातले सहा.

पण हे मिश्रण 15 टक्के होतं, नेहमीचं स्पोर्ट्‌स ड्रिंक 6 ते 8 टक्के असतं. गेल्या 32 किलोमीटरच्या सरावात जेलवर पाण्याऐवजी गोड ड्रिंक प्यायलो आणि दहा मिनिटांत पोटात गोळा आला, त्यामुळे धास्ती वाटते. प्रत्येक घोटानंतर वाटेतल्या पाण्याच्या स्टेशनवरचं साधं पाणी प्यायलं तर चालेल का? कुणी असं दाट मिश्रण पळताना वापरलंय? सरावासाठी अजून दोन लांब रविवार हातात आहेत.