मदत हवी आहे: आठ वर्षांच्या मुलीसाठी पहिली सायकल, २० इंची की २४?

अनघा_पुणे: लेकीला आठवं संपत आलंय, उंची १२२ सेंमी. सायकल अजिबात येत नाही. दुकानदार म्हणतो २४ इंची घ्या, वाढत्या अंगाची आहे. नवऱ्यालाही ते पटलंय. मला मात्र ती तिच्यासाठी घोडा वाटतेय. काय बघून ठरवायचं?

रानवाटा: २४च घ्या. सीट खाली करून द्यायची, मुलं शिकतात बरोबर. २० इंची दोन वर्षांत लहान होते, पैसे वाया.

चेनकव्हर: रानवाटा, लहान होते हे खरं. पण २४ इंचीची सीट तळाला नेली तरी बहुतेक वेळा ६५-७० सेंमीवर राहते. अनघाताई, चाकाचे इंच सोडा, आधी तिच्या पायाची लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभी करा, दोन पायांमध्ये जाडसर पुस्तक वर टेकेपर्यंत धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. शिकाऊ मुलाला सीट तेवढीच किंवा किंचित खाली हवी, म्हणजे तोल गेला की दोन्ही तळवे टेकतात. नुसते चवडे टेकत असतील तर मूल घाबरून हँडल आवळून धरतं आणि तिथेच पडतं.

साइडची चाकं लावू नका, त्यावर तोल शिकता येत नाही. दोन्ही पायडल काढा (१५ नंबरचा पाना, डावं उलट आट्यांचं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं) आणि हलक्या उतारावर पायाने ढकलत चालवू दे. पाय उचलून वळण घेता यायला लागलं की पायडल परत लावा.

बंड्या७४: गियरची घ्या हो! मी २१ गियरची घेतली, कात्रजचा घाट आरामात चढतो.

चेनकव्हर: बंड्याभाऊ, मुलगी आठची आहे, घाट नंतर. :) गियर आणि शॉकअपने वजन वाढतं. वीस-बावीस किलोच्या मुलीला पंधरा किलोची सायकल उचलून उभी करणंही जड जातं.

मृण्मयी: हेल्मेट सायकलीबरोबरच घ्या. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं काही कामाचं नाही. मोठं होईल म्हणून सैल घेऊ नका.

अनघा_पुणे: आज टेप घेऊन गेले. पाय भरला ५५. गंमत म्हणजे दोन्ही २० इंचीच, पण साध्या सायकलीची सीट ५४ पर्यंत उतरली आणि शॉकअपवालीची ६१च्या खाली येईना! साध्या सायकलीत ब्रेक मात्र तिच्या बोटांना पुरत नव्हता.

चेनकव्हर: ब्रेकच्या मुठीजवळ बारीक स्क्रू असतो, तो आत पिळला की दांडी हँडलकडे येते. मग एका हाताची दोन बोटं लावून चाक थांबतं का, ते तिलाच करून बघू दे. दोन्ही हातांचं.

रानवाटा: ५५ पायाला २० ठीक, मान्य. पण दोन वर्षांनी पुन्हा खर्च आहेच.

अनघा_पुणे: नवरा तेच म्हणतोय. सोसायटीत कुणाची वापरलेली २० इंची मिळते का बघते. जुन्या सायकलीत नेमकं काय तपासायचं, सांगेल का कुणी?