उत्तर: खर्चपद्धत आणि उत्पन्नपद्धत

> एकाच इमारतीचं करमूल्य एका पद्धतीने 90 लाख आणि दुसऱ्या पद्धतीने 67 लाख कसं?

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. खर्चपद्धतीत जमीन 30 लाख धरली. इमारत आज नव्याने बांधायला 80 लाख लागतील, आयुष्य 60 वर्षं, वय 15, म्हणजे 25 टक्के घसारा जाऊन 60 लाख उरले. एकूण 90 लाख. घसारा फक्त बांधकामावर लागतो, जमिनीवर कधीच नाही. ही चूक सर्रास दिसते.

उत्पन्नपद्धतीत वर्षाचं भाडं 10 लाख. त्यातून रिकाम्या काळापोटी 1 लाख आणि देखभाल, विमा वगैरे 3 लाख वजा केले की 6 लाख राहतात. परताव्याचा दर 8 टक्के असेल तर थेट भागाकाराने 75 लाख येतात, पण इथे थांबू नका. कर मालक भरणार असेल आणि तो मूल्याच्या 1 टक्का असेल, तर तो खर्चात वजा करता येत नाही, कारण मूल्य ठरल्याशिवाय कराची रक्कमच कळत नाही. म्हणून तो दरातच मिळवतात: 6 लाख भागिले 9 टक्के, म्हणजे सुमारे 66.67 लाख. कर खर्चातही वजा केला आणि दरातही मिळवला, तर मूल्य उगाच घटतं. भाडेकरूच कर भरत असेल तर दर 8 टक्केच ठेवायचा.

उरलेली तफावत मागणीची आहे. परिसरातली भाडी पडली की उत्पन्नपद्धतीच्या मूल्यात ते लगेच दिसतं. खर्चपद्धतीतल्या वयावरच्या घसाऱ्यात ते दिसत नाही, त्यासाठी मूल्यात वेगळी घट द्यावी लागते. हरकत घेताना ती घट दिली आहे का, हे आधी तपासा.