शेवट सांगितलाच नाही, तरी स्पॉयलर?

घोडबंदरवाली:
ठाण्यातल्या आमच्या वाचन क्लबसाठी या महिन्याच्या कथासंग्रहाचा रिव्ह्यू लिहिलाय. अकरा कथा आहेत. प्रती तीनच आणि आम्ही अठरा जण, त्यामुळे पुस्तक हातोहात फिरतंय आणि अर्ध्या लोकांनी ते अजून उघडलेलंही नाही. म्हणून मी एकाही कथेचा शेवट सांगितला नाही. तरी क्लबमधल्या एका ताईंनी तीन वाक्यं काढायला लावली:
"रिटायर्ड मोटरमन रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर कोणाची वाट बघतो ते कळलं की पोटात खड्डा पडतो."
"चौथ्या कथेतली निवेदिका मला सगळ्यात आवडली."
"शेवटची कथा संपली की पहिली परत वाचावीशी वाटते."
यात स्पॉयलर कुठाय सांगा. संग्रहाचं नाव मुद्दाम देत नाहीये, पण ज्यांच्या हातात प्रत आहे त्यांना कळेलच, तेव्हा न वाचलेल्यांनी इथेच थांबा.

वाशीकर ७०३:
काहीही नाहीये स्पॉयलर. मुळात स्पॉयलरची भीतीच फुकटची आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात लेविट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांनी प्रयोग केला होता, बारा लघुकथा घेतल्या, काही वाचकांना आधीच शेवट सांगून टाकला आणि ज्यांना माहीत होता त्यांनाच कथा जास्त आवडल्या, अगदी रहस्यकथासुद्धा. आपल्याकडे बागुलांच्या संग्रहाचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' आहे, १९६३ चं पुस्तक. नावातच फोडलंय की सगळं, म्हणून कोणी वाचायचं सोडलं का? ती तीनही वाक्यं बिनधास्त राहू द्या.

खाडीपलीकडची:
वाशीकर, प्रयोगाचं बरोबर सांगितलंत पण अर्धंच. नंतर जॉन्सन आणि रोझेनबॉम यांनी परत लघुकथाच घेऊन तपासलं, २०१५ चा पेपर आहे, त्यात उलट निघालं, शेवट आधी कळलेल्यांना कथा कमी आवडली आणि कमी भिडली. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक कागद आहे, त्यावर भांडण मिटणार नाही. आणि बागुलांचं म्हणाल तर ते नाव लेखकाने स्वतः दिलंय, काय आधी सांगायचं आणि काय मागे ठेवायचं ते त्याने ठरवलंय. आपण रिव्ह्यू लिहिताना ते दुसऱ्याच्या वतीने ठरवतो, फरक तिथे आहे.

घोडबंदरताई, मी बरीच वर्षं मुद्रितशोधन केलंय त्यामुळे कथा पानं मोजत वाचायची खोड आहे, सॉरी. मोटरमनची कथा नऊ पानांची. त्यातली पहिली पाच पानं काय चाललंय? तो पहाटे उठतो, डबा घेतो, प्लॅटफॉर्मवर त्याच बाकावर बसतो, गाड्यांचे नंबर पुटपुटतो. आपल्याला वाटतं बिचाऱ्याची सवय सुटत नाहीये. तो वाट बघतोय हे पाचव्या पानाच्या तळाशी पहिल्यांदा कळतं, जेव्हा तो डब्यातल्या दोन पोळ्या बाजूला काढून ठेवतो. तुम्ही "कोणाची" ते लपवलंत, पण "वाट बघतो" हे सांगून टाकलंत, आणि अर्धी कथा त्यावरच उभी आहे. वर "पोटात खड्डा" म्हटलंत, म्हणजे वाचणारा पहिल्या ओळीपासून कोण गेलं असेल तेच शोधत बसणार.

तीनशे पानी कादंबरीची तीस पानं सांगितली तरी चालतं, अजून दोनशे सत्तर उरतात. नऊ पानांच्या कथेत त्याच हिशोबाने एक पानही होत नाही. म्हणून कथेबद्दल लिहिताना मी फक्त पहिल्या पानावर जे दिसतं तेवढंच घेते.

घोडबंदरवाली:
पोळ्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तिथे पहिल्यांदा कळतं. मी कथा संपवून लिहिलं ना, त्यामुळे मला "वाट बघणं" ही सुरुवातच वाटत होती. बरं ते पटलं. पण निवेदिकेत काय आहे? एक शब्द आहे तो!

ऐरोली सेक्टर ८:
हो मीही तेच विचारणार होतो. आणि एक सांगतो, चौथ्या कथेत बाईच बोलतेय हे वाचकाला पहिल्या ओळीतच कळणार ना, मराठीत लपवताच येत नाही. इंग्रजीत चालतं, मराठीत "मी गेलो" नाहीतर "मी गेले", तिसरा पर्यायच नाही.

खाडीपलीकडची:
लपवता येतं दादा, आणि या लेखिकाबाईंनी बारा पानांतली जवळजवळ दहा लपवलंय. कथा आठवा, नेरुळच्या सोसायटीतला रात्रपाळीचा वॉचमन. पहिल्या पानावर परत जाऊन फक्त क्रियापदं बघा. "मी गेट उघडलं", "मी रजिस्टरमध्ये नंबर लिहिला", "मी चहा घेतला", इथे क्रियापद गेटप्रमाणे, नंबराप्रमाणे, चहाप्रमाणे चालतं, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. "मला झोप येत होती", "माझी ड्युटी आठला संपते", "मी उद्या सांगेन", यातही काही कळत नाही. पण "मी उभा होतो", "मी आले", "मी जायचो" यातलं एक जरी आलं असतं तरी खेळ खलास. इतकंच काय, "मी चहा प्यायलो" आणि "मी विसरलो" सुद्धा चालत नाही, ती क्रियापदं बोलणाऱ्यामागे जातात. म्हणून त्या कथेत कुठेही विसरणं नाही, "लक्षातून गेलं" आहे. मी दोनदा तपासलं.

मग दहाव्या पानावर इंटरकॉमवरून चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, "अगं, लिफ्ट बंद पडलीय का गं?" झालं. तोपर्यंत आपण सगळ्यांनी वॉचमन म्हणजे पुरुष धरलेला असतो आणि मागची प्रत्येक रात्र वेगळी दिसायला लागते, ती पार्किंगमधली पोरं, ती बंद पडलेली ट्यूबलाइट. आणि ताईंनी रिव्ह्यूत लिहिलं "निवेदिका".

कोपरखैरणेचा मन्या:
अहो काय हे!!! मी अजून तिसऱ्या कथेवर आहे, लोकलमध्ये बसून हे वाचतोय, घणसोली गेलं आणि माझी चौथी कथाही गेली. हा धागाच सगळ्यात मोठा स्पॉयलर आहे.

घोडबंदरवाली:
मन्या, वर स्पष्ट लिहिलं होतं थांबा म्हणून 😅

कोपरखैरणेचा मन्या:
थांबा लिहिलं की कोण थांबतं?

कोल्हापुरी इन कळवा:
मला एक कळेना, आमच्याकडं पोरी "मी आलो", "मी जातो" असंच म्हणतात. मी स्वतः ठाण्याला येऊन वीस वर्षं झाली तरी घरी फोनवर "मी जेवलो" म्हणते आणि माझी लेक हसते. मग आमच्या भाषेत लिहिली असती तर एवढी कसरत कशाला करायला हवी होती, सरळ "मी गेटवर बसलो" लिहायचं आणि शेवटी बाई निघाली, कोणाची फसवणूक पण नाही.

खाडीपलीकडची:
वहिनी, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच वेगळीच कथा होईल ती.

नौपाड्याचे अण्णा:
मला ती कथा आवडली नाही आणि मला ते सांगायचं आहे, त्याचं काय करू? "माझं चालणं सुरू झालं", "गेटवर माझं उभं राहणं झालं", असं कोण बोलतं हो? दहा पानं भाषा अशी अवघडून चालते जणू पायात नवी चप्पल चावतेय. आता हे लिहायचं तर अवघडलेली का आहे ते सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की गुपित फुटलं. म्हणजे तुमच्या स्पॉयलर-फ्रीच्या नियमाने कौतुक करणारा सुटतो आणि टीका करणाऱ्याच्या तोंडाला कुलूप. आणि तसंही मराठी संग्रहाची प्रस्तावनाच सगळं फोडते, विद्वान माणूस पहिल्या वीस पानांत अकराही कथांचं शवविच्छेदन करून ठेवतो. मी प्रस्तावना कायम शेवटी वाचतो. त्या मानाने या ताईंनी काय पाप केलं?

वाशीकर ७०३:
अण्णांना १०० टक्के अनुमोदन.

खाडीपलीकडची:
अण्णा, टीकेचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी असते तर "चौथ्या कथेतली वाक्यरचना मला जागोजागी कृत्रिम वाटली" एवढंच लिहिलं असतं आणि कारण मीटिंगसाठी राखून ठेवलं असतं. न वाचलेल्याला वाटेल भाषा कच्ची आहे, वाचलेल्याला कळेल कशाबद्दल बोलताय. अर्धा न्याय होतो, मान्य.

नौपाड्याचे अण्णा:
अर्धासुद्धा नाही. लेखिकेवर अन्याय, कारण भाषा कच्ची नाहीये, मुद्दाम तशी केलीय.

घोडबंदरवाली:
बरं मग "निवेदिका"च्या जागी "निवेदक" करू का?

खाडीपलीकडची:
नको, ते खोटं होईल. निवेदक म्हटलं की वाचणारा पुरुषच धरणार आणि मग तुम्हीही फसवल्यासारखं. आपल्याकडे चांगली सोय आहे, "चौथ्या कथेत जे माणूस बोलतंय ते मला सगळ्यात आवडलं." घरात आपण म्हणतोच ना, फार चांगलं माणूस आहे ते. कोणाच्या डोळ्यात खुपत नाही.
मोटरमनचं असं करता येईल: "सकाळचे सहा, प्लॅटफॉर्मवरचा तोच बाक आणि एक रिटायर्ड मोटरमन. गाड्यांचे नंबर तो ज्या लयीत म्हणतो ती ऐका." कथा कशी आहे ते कळतं, कुठे जाते ते नाही.
तिसरं वाक्य मात्र मी ठेवलं असतं. लोक कथासंग्रह क्रमाने वाचत नाहीत, प्रवासात जी सगळ्यात छोटी ती आधी उरकतात, आणि इथे अकरावी आधी वाचली तर पहिलीची वाट लागते. ते सांगायलाच हवं.

चरई_वाचक:
ती वाक्यं काढायला लावणारी ताई मीच 🙂 पहिल्या दोन बदलांबद्दल थँक्यू, पण तिसऱ्यावर मी ठाम आहे. "पहिली परत वाचावीशी वाटते" म्हटलं की कळलं ना की दोन्हीत तीच माणसं आहेत. मी पहिल्या कथेतली प्रत्येक व्यक्ती लक्षात ठेवत बसले असते, नावं कागदावर लिहून. मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून अकराव्या कथेत ती छत्री दिसल्यावर मी अक्षरशः पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले. फक्त "क्रमाने वाचा" लिहा, कारण नको.

ऐरोली सेक्टर ८:
"क्रमाने वाचा" म्हटलं की पण संशय येतोच की.

चरई_वाचक:
येऊ दे, पण कसला ते कळत नाही ना.

खाडीपलीकडची:
ताई, छत्री आता तुम्ही फोडलीत.

चरई_वाचक:
🤦‍♀️

कोपरखैरणेचा मन्या:
अपडेट. काल रात्री चौथी वाचली. आजींचा फोन आला तेव्हा काहीच झालं नाही, माहीतच होतं. पण प्रत्येक वाक्यात ती कशी निसटते ते बघायला जाम मजा आली, "लक्षातून गेलं" आलं तेव्हा तर मी मोठ्याने हसलो, बायकोने विचारलं काय झालं. पार्किंगमधल्या पोरांच्या जागी मात्र आधीच टेन्शन आलं होतं मला, तिच्यासाठी. तुम्हाला पहिल्यांदा वाचताना तिथे काय वाटलं होतं?

घोडबंदरवाली:
तिथे? काहीच नाही रे. मी तो पॅरा भराभर वाचून पुढे गेले होते.